घेतला ८ टन, वापरला ५.७ टन: मटेरियल व्हेरियन्सची एक केस

प्लास्टिकचे क्रेट बनवणारं एक मध्यम आकाराचं युनिट होतं. महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये मटेरियलच्या खाली एकच ओळ होती, "एकूण मटेरियल व्हेरियन्स २,००० रुपये फेव्हरेबल", म्हणजे ठरवलेल्या खर्चापेक्षा मटेरियलवर २,००० रुपये कमी गेले. मीटिंगमध्ये त्या ओळीवर कोणी थांबलंच नाही, फेव्हरेबल आहे, रक्कम छोटी आहे, चला पुढे. मी तो रिपोर्ट नंतर तपासायला घेतला तेव्हा लक्षात आलं की ही ओळ दोन अशा आकड्यांची बेरीज आहे ज्यांची बेरीज करायलाच नको होती. एक आकडा ८,००० किलोवर काढलेला आणि दुसरा ५,७०० किलोच्या वापरावर. हेच नीट उलगडून सांगतो, कारण पुस्तकातल्या बहुतेक गणितांत जितका माल घेतला तितकाच वापरला असं धरलेलं असतं, आणि प्रत्यक्षात असं जवळपास कधीच होत नाही. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, घडलं ते असंच.)

आधी स्टँडर्ड, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं माप आणि रेट, काय होतं ते बघू. एका क्रेटला १.५ किलो प्लास्टिकचा दाणा, रेट १०० रुपये किलो, म्हणजे क्रेटमागे १५० रुपयांचं मटेरियल. यातला १.४४ किलो प्रत्यक्ष क्रेटच्या वजनात जातो आणि ०.०६ किलो हा नेहमीचा लॉस, म्हणजे मशीन चालू करताना बाहेर काढलेला माल, थोडेफार रिजेक्ट वगैरे. हा लॉस स्टँडर्डमध्ये आधीच धरलेला आहे हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. युनिटमध्ये बाकीचेही मोल्ड चालायचे पण ते वेगळ्या दाण्यावर, त्यामुळे ते सगळं बाजूला ठेवून फक्त हा एक क्रेट आणि हा एक दाणा घेऊ. महिन्याच्या सुरुवातीला या दाण्याचा स्टॉक शून्य होता, तेवढं एक सोपं झालं.

आता त्या महिन्यात काय झालं ते. प्लॅन ४,००० क्रेटचा होता, चांगले क्रेट निघाले ३,६००. परचेसवाल्यांनी दाणा घेतला ८,००० किलो, २५ किलोच्या ३२० गोण्या. गरज साधारण ६,००० किलोची होती, मग ८,००० का, तर सप्लायरने कमी रेट दिला तो ८ टन उचलणार असाल तरच. बिलावरचा रेट ९३.५० रुपये, म्हणजे ७,४८,००० रुपये, आणि वर २०,००० रुपये गाडीभाडं आपल्याकडे. एकूण ७,६८,०००, किलोमागे ९६ रुपये पडले.

पहिली गल्लत इथेच झाली होती. परचेसच्या स्वतःच्या शीटमध्ये रेटचा फरक ६.५० रुपये धरला होता, १०० वजा ९३.५०, आणि त्याने ८,००० किलोवर ५२,००० रुपये फेव्हरेबल दिसत होतं. पण १०० रुपयांचं स्टँडर्ड हे माल गोडाऊनमध्ये येऊन पडेपर्यंतचं होतं, भाड्यासकट. एका बाजूला भाडं धरायचं आणि दुसऱ्या बाजूला नाही हे चालत नाही. जुन्या सप्लायरच्या रेटमध्ये भाडं त्याचंच असायचं म्हणून हा प्रश्न आधी कधी आला नव्हता, सप्लायर बदलला आणि आला. स्टँडर्ड रेटमध्ये काय काय धरलंय हे स्टँडर्ड कार्डावर लिहिलेलं नसेल तर प्राइस व्हेरियन्स काढायला बसूच नये असं माझं मत आहे. अकाउंट्सने मात्र भाडं बरोबर धरलं होतं:

प्राइस व्हेरियन्स = (स्टँडर्ड रेट − प्रत्यक्ष रेट) × घेतलेली क्वांटिटी
= (१०० − ९६) × ८,०००
= ३२,००० रुपये फेव्हरेबल

इथे घेतलेली क्वांटिटी का? कारण चार रुपये वाचवण्याचा निर्णय माल घेताना झाला आणि तो सगळ्या ८,००० किलोला लागू आहे. त्यातला किती वापरला जाईल याच्याशी परचेसवाल्याचा काही संबंध नाही. आणि दुसरं कारण वेळेचं, बिल आलं त्याच दिवशी फरक समोर येतो. नाहीतर आज महाग घेतलेला माल तीन महिन्यांनी वापरला तर तीन महिन्यांनी कळणार की रेट चुकला होता, तोपर्यंत त्याच रेटने अजून दोन ऑर्डरी गेलेल्या असतात.

आता वापर. युसेज व्हेरियन्सचा सगळा जीव दोन आकड्यांत आहे, प्रत्यक्षात किती वापरलं आणि किती वापरायला हवं होतं, आणि दोन्ही आकडे वाटतात तितके सरळ मिळत नाहीत. स्टोअरच्या इश्यू स्लिपा जोडल्या तर बेरीज ५,९०० किलो, म्हणजे २३६ गोण्या. रिपोर्टच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हाच आकडा वापर म्हणून घेतला होता. पण स्टोअरमधून निघालं म्हणजे वापरलं असं नसतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी स्टोअरच्या माणसाने शॉपवर एक फेरी मारली तेव्हा मशीनच्या मागे पॅलेटवर आठ गोण्या न फोडलेल्या सापडल्या, शिलाई जशीच्या तशी. २०० किलो. ऑपरेटरचंही चुकत नव्हतं, रात्री स्टोअर बंद असतं म्हणून तो जास्तीचा माल आधीच काढून ठेवतो. रिटर्न स्लिप बनवून तो माल परत घेतला किंवा निदान शॉपवरचा स्टॉक म्हणून मोजला, काहीही करा, पण वापर ५,७०० किलोच धरायचा. हे केलं नसतं तर युसेज २०,००० रुपयांनी जास्त वाईट दिसला असता आणि पुढच्या महिन्यात त्या आठ गोण्यांमुळे तितकाच चांगला दिसला असता, आणि लोक दोन्ही महिने कारणं शोधत बसले असते. एका महिन्यात अचानक खराब आणि लगेच पुढच्या महिन्यात अचानक मस्त असा जोड दिसला ना, की आधी शॉपवरच्या गोण्या मोजून घ्या, बाकी सगळं नंतर.

दुसरा आकडा, किती वापरायला हवं होतं. प्रॉडक्शनच्या मॅनेजरांनी त्यांच्या शीटमध्ये लिहिलं होतं: स्टँडर्ड ६,००० किलो, वापर ५,७०० किलो, ३०० किलो वाचले, ३०,००० रुपये फेव्हरेबल. त्यांना विचारलं, "हे ६,००० कुठून आले?" तर म्हणाले, "अहो प्लॅनच तेवढा होता ना, ४,००० गुणिले दीड." म्हणजे त्यांनी प्लॅनमधल्या क्रेटची क्वांटिटी घेतली. पण क्रेट निघाले ३,६००. चारशे क्रेट बनवलेच नाहीत, त्यांचा ६०० किलो दाणा वाचला याचं श्रेय कोणालाच जात नाही, ते काम झालंच नाही. स्टँडर्ड क्वांटिटी म्हणजे जे प्रत्यक्षात चांगलं निघालं त्याला स्टँडर्डप्रमाणे जेवढं लागायला हवं तेवढं:

३,६०० × १.५ = ५,४०० किलो

युसेज व्हेरियन्स = (५,४०० − ५,७००) × १००
= ३०,००० रुपये अ‍ॅडव्हर्स

बघा, रक्कम तीच, ३०,०००, पण बाजू उलटी. योगायोगाने आकडे असे जुळले, पण त्यामुळे चूक फार ठळक दिसते. ३०० किलो वाचले असं वाटत होतं आणि प्रत्यक्षात ३०० किलो जास्त गेले होते. मॅनेजरांनी ते मान्य केलं, फक्त एक प्रश्न विचारला जो अगदी रास्त होता: "आपण दाणा ९६ ने घेतलाय, मग माझ्या ३०० किलोला १०० ने का मारताय?"

उत्तर असं की युसेज व्हेरियन्स मुद्दाम स्टँडर्ड रेटनेच काढतात. ९६ ने काढला तर २८,८०० येतात, म्हणजे परचेसने स्वस्त घेतलं म्हणून प्रॉडक्शनची नासाडी १,२०० रुपयांनी कमी दिसते. उलट उद्या परचेसने १०८ ने घेतलं तर तीच ३०० किलोची नासाडी ३२,४०० ची दिसेल. वापराचा हिशोब करणाऱ्याच्या हातात रेट नाही, मग तो त्याच्या आकड्यात यायला नको. आणि चार रुपयांचा जो फरक आहे तो त्या ३०० किलोसकट संपूर्ण ८,००० किलोवर परचेसच्या खात्यात आधीच मोजून झालेला आहे, परत इथे घेतला तर दोनदा मोजला जाईल.

अजून एक चूक इथे होऊ शकते, आणि क्वांटिटी वेगवेगळ्या असल्या की ती हमखास होते, म्हणून सांगतो. काही जण पाठ केलेला फॉर्म्युला लावतात ज्यात नुसतं "प्रत्यक्ष क्वांटिटी" लिहिलेलं असतं, आणि दोन्ही ठिकाणी तोच आकडा घालतात. ८,००० घातले तर युसेज येतो (५,४०० − ८,०००) × १००, म्हणजे २,६०,००० अ‍ॅडव्हर्स. यात २,३०० किलो तर गोडाऊनमध्ये गोण्यांत बसलेले आहेत! न फोडलेली गोणी नासाडी म्हणून दाखवली जाते. म्हणून फॉर्म्युल्यात "प्रत्यक्ष क्वांटिटी" असं मोघम लिहूच नका, एका ठिकाणी "घेतलेली" आणि दुसऱ्या ठिकाणी "वापरलेली" असं पूर्ण लिहा, गोंधळ तिथेच संपतो.

असो, तर ३२,००० फेव्हरेबल आणि ३०,००० अ‍ॅडव्हर्स, दोन्ही आकडे स्वतंत्रपणे बरोबर. आणि रिपोर्टने त्यांची बेरीज करून २,००० फेव्हरेबल लिहिलं. इथे मी अडलो.

३२,००० हे ८,००० किलोवर वाचलेत, ३०,००० हे त्यातले फक्त ५,७०० किलो वापरताना गेलेत. उरलेले २,३०० किलो अजून मशीनमध्ये गेलेलेच नाहीत. म्हणजे बचत सगळ्या लॉटची धरली आणि नासाडी अर्ध्या-पाऊण लॉटची. एकाच मापाने बघायचं तर ५,७०० किलोवरची बचत घ्यावी लागेल, ५,७०० × ४ = २२,८००. त्यातून ३०,००० गेले तर ७,२०० रुपये अ‍ॅडव्हर्स. २,००० चांगले आणि ७,२०० वाईट यातला फरक ९,२००, आणि तो बरोबर २,३०० × ४ आहे, गोण्यांत बसलेल्या दाण्यावरची बचत. हा ९,२०० चा ताळा जुळला पाहिजे, नाही जुळला तर कुठेतरी क्वांटिटी चुकलीय.

आता कोणी म्हणेल, मग प्राइस व्हेरियन्स वापरलेल्या क्वांटिटीवरच काढा ना, भानगडच नको. काढतात काही ठिकाणी, आणि एकूण फरक प्रॉडक्शनच्या खर्चाशी जुळवायचा असेल तर तोच लागतो. पण त्याचा त्रास काय असतो तो पुढच्या महिन्यात दिसेल, थोडं थांबा.

त्याआधी ते ३०० किलो गेले कुठे हे बघू, कारण नुसता आकडा काढून गप्प बसलं तर व्हेरियन्स काढून उपयोग काय. युसेज व्हेरियन्स फक्त किती ते सांगतो, कुठे ते शॉपवर जाऊनच कळतं. आम्ही सगळ्यात सोपी गोष्ट आधी केली. तयार मालाच्या ढिगातून वेगवेगळ्या दिवसांचे २० क्रेट काढले आणि काट्यावर ठेवले. वजन यायला हवं होतं २८.८ किलो, आलं २९.४. म्हणजे क्रेट सरासरी १.४७ किलोचा पडतोय, प्रत्येकात ३० ग्रॅम जास्त. हातात घेऊन बघितलं तर कारण बोटालाच लागत होतं, कडेला, जिथे मोल्डचे दोन भाग मिळतात तिथे, पातळ पापुद्र्यासारखी किनार आली होती. तिला फ्लॅश म्हणतात. ३,६०० क्रेट गुणिले ३० ग्रॅम, १०८ किलो. तीनशेतले एकशे आठ इथे सापडले.

राहिले १९२. रिजेक्टच्या रजिस्टरमध्ये नेहमीपेक्षा १२० क्रेट जास्त होते, १.४७ ने धरले तर साधारण १७६ किलो. बाकी १६ किलो सांडलेला, झाडलेला, काढून टाकलेला माल, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. लक्षात घ्या, फक्त जास्तीचे १२० मोजले, नेहमीचे रिजेक्ट त्या ०.०६ किलोच्या लॉसमध्ये आहेतच. तेही मोजले असते तर ३०० पेक्षा जास्त किलोचं कारण सापडलं असतं आणि ते कारण खोटं ठरलं असतं. आणि हे क्रेट दळून परत मशीनमध्ये का घातले नाहीत, तर ग्राहकाची अटच होती की दळलेला माल मिसळायचा नाही. ती अट नसती तर वापराचा आकडा बराच कमी आला असता, आणि खराब क्रेट युसेज व्हेरियन्समध्ये दिसलेच नसते, ते फक्त मशीनच्या वेळेत दिसले असते. दळण परत वापरणाऱ्या ठिकाणी हे आवर्जून तपासावं लागतं.

आता फ्लॅश आणि रिजेक्ट एकाच महिन्यात का वाढले? मशीनवरच्या ऑपरेटरला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, "साहेब, हा दाणा पातळ वाहतो. पहिल्या दिवशी जुन्या सेटिंगवर चालवला तर कडेने बाहेर यायला लागला, मग प्रेशर कमी केलं तर कोपरे भरेनात." दाणा वितळल्यावर किती सहज वाहतो याचं एक माप असतं, मेल्ट फ्लो इंडेक्स, दाण्याच्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं. नव्या लॉटचा इंडेक्स जुन्यापेक्षा जास्त होता, आमच्या परचेस स्पेसिफिकेशनमध्ये त्याची मर्यादाच दिलेली नव्हती. जास्त वाहणारा दाणा त्याच प्रेशरवर मोल्डच्या फटीत घुसतो, तो फ्लॅश. प्रेशर फार उतरवलं तर मोल्ड पूर्ण भरत नाही, तो अर्धवट क्रेट, शॉर्ट शॉट. मधलं सेटिंग सापडेपर्यंत दोन्हीकडे माल जात राहिला.

म्हणजे ३०,००० अ‍ॅडव्हर्स प्रॉडक्शनच्या नावावर लागले, पण मूळ परचेसच्या निर्णयात होतं. यात परचेसवाल्याला झोडपायचं काही कारण नाही, त्याला दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये तो दाणा बसत होता आणि त्याचं कौतुक ज्या आकड्यावर व्हायचं तो आकडा त्याने चांगला आणला. पण त्या आकड्याची मर्यादा इथे उघडी पडते. घेतलेल्या क्वांटिटीवर प्राइस व्हेरियन्स काढला की जितकं जास्त घ्याल तितका तो मोठा दिसतो. ६,००० घेतले असते तर याच रेटला २४,००० दिसले असते, ८,००० घेतले म्हणून ३२,०००. जास्तीच्या दोन टनांत अडकलेले पैसे आणि जागा या आकड्यात कुठेच येत नाहीत. म्हणून मी त्या रिपोर्टमध्ये प्राइस व्हेरियन्सच्या शेजारीच "घेतलेलं वजा वापरलेलं" असा कॉलम लावायला सांगितला, २,३०० किलो. तो कॉलम दोन-तीन महिने सलग वाढत असेल तर फेव्हरेबल प्राइस व्हेरियन्सकडे जरा सावधपणे बघायचं.

पुस्तकात याच्या नोंदी कशा गेल्या तेही थोडक्यात. माल आला तेव्हा स्टोअर खात्याला ८,००,००० नावे, स्टँडर्ड रेटने. सप्लायर आणि गाडीवाला मिळून ७,६८,००० जमा, आणि ३२,००० प्राइस व्हेरियन्सला जमा. वापरला तेव्हा चालू कामाच्या खात्याला ५,४०,००० नावे, युसेज व्हेरियन्सला ३०,००० नावे, आणि स्टोअर खात्याला ५,७०,००० जमा. स्टोअरमध्ये उरले २,३०,०००, म्हणजे २,३०० किलो गुणिले १००. स्टोअरचं सगळं खातं एकाच रेटने चालतं, स्टॉक मोजायचा आणि १०० ने गुणायचं, कुठली गोणी कुठल्या बिलातली हे शोधावं लागत नाही, ही या पद्धतीची सगळ्यात मोठी सोय आहे.

पण तो स्टॉक प्रत्यक्षात २,२०,८०० ला पडलाय. महिन्याच्या अंतर्गत रिपोर्टला काही फरक पडत नाही, वर्षाच्या शेवटी ताळेबंदात मात्र बघावं लागतं. आयएएस २ या अकाउंटिंग स्टँडर्डप्रमाणे स्टॉक स्टँडर्ड कॉस्टने दाखवता येतो, पण ती प्रत्यक्ष कॉस्टच्या जवळ असेल तरच. फरक मोठा असेल तर ते ९,२०० प्राइस व्हेरियन्समधून काढून स्टॉकची किंमत तेवढी कमी करायची, म्हणजे जो माल वापरलाच नाही त्यावरची बचत नफ्यात जात नाही. उलट युसेज व्हेरियन्समधलं काही कच्च्या मालाच्या स्टॉकवर टाकायचं नसतं, नासाडी वापरताना झालीय, गोणीतल्या दाण्याची नाही.

आता पुढचा महिना, जिथे उलटं झालं, घेतलं कमी आणि वापरलं जास्त. क्रेट निघाले ३,२००, वापर ४,९०० किलो, नवीन खरेदी फक्त ३,००० किलो, जुन्याच सप्लायरकडून, आणि रेट पडला १०३. आधीचे २,३०० किलो होतेच, शेवटी उरले ४०० किलो.

प्राइस व्हेरियन्स = (१०० − १०३) × ३,००० = ९,००० रुपये अ‍ॅडव्हर्स
युसेज व्हेरियन्स = (४,८०० − ४,९००) × १०० = १०,००० रुपये अ‍ॅडव्हर्स

आधीचे २,३०० किलो प्राइस व्हेरियन्समध्ये परत आले नाहीत, त्यांचा हिशोब मागच्याच महिन्यात झाला. युसेजमध्ये मात्र ते आले, कारण वापरले आत्ता.

आणि आता मघाशी थांबा म्हटलं होतं ते. याच महिन्यात प्राइस व्हेरियन्स वापरलेल्या क्वांटिटीवर काढून बघा. आधी आलेला माल आधी वापरला असं धरलं तर पहिले २,३०० किलो ९६ चे, त्यावर ९,२०० फेव्हरेबल. मग २,६०० किलो १०३ चे, त्यावर ७,८०० अ‍ॅडव्हर्स. निव्वळ १,४०० फेव्हरेबल! ज्या महिन्यात प्रत्येक किलो स्टँडर्डपेक्षा तीन रुपये महाग घेतला त्या महिन्याचा प्राइस व्हेरियन्स फेव्हरेबल. रिपोर्ट बघणाऱ्याला वाटणार परचेसचं बरं चाललंय. शिवाय हे काढायला कुठला माल कुठल्या रेटचा हे धरून चालावं लागलं, सरासरी रेट घेतला असता तर आकडा अजून वेगळा आला असता. दोन महिन्यांची बेरीज मात्र शेवटी जुळते, घेतलेल्यावर काढलं तर ३२,००० वजा ९,००० म्हणजे २३,०००, वापरलेल्यावर काढलं तर २२,८०० अधिक १,४०० म्हणजे २४,२००, आणि मधले १,२०० हे उरलेल्या ४०० किलोवरचे तीन-तीन रुपये. पैसा तोच आहे, कधी दिसतो एवढाच फरक.

या दुसऱ्या महिन्यात आम्ही अजून एक गोष्ट केली, आणि मला वाटतं या सगळ्यातली कामाची गोष्ट तीच होती. दोन्ही दाणे एकत्र न करता वेगवेगळे चालवले आणि क्रेट वेगळे मोजले. ९६ च्या दाण्याच्या २,३०० किलोतून १,४७० क्रेट निघाले, त्यांना लागायला हवे होते २,२०५ किलो, जास्त गेले ९५. १०३ च्या दाण्याच्या २,६०० किलोतून १,७३० क्रेट, लागायला हवे होते २,५९५, जास्त गेले फक्त ५. मशीन तेच, मोल्ड तोच, माणसं तीच. सेटिंग सुधारल्यावरही स्वस्त दाणा शंभर किलोमागे चार किलोच्या वर जास्त खात होता आणि दुसरा जवळपास काहीच नाही. पहिल्या महिन्यात हे दाण्यामुळे झालं हा अंदाज होता, इथे तो काट्यावर दिसला.

मग त्या लॉटचा पूर्ण हिशोब मांडला, महिन्यांच्या भिंती काढून टाकून. ८,००० किलोवर बचत ३२,०००. जास्तीचा वापर पहिल्या महिन्यात ३००, दुसऱ्यात ९५, एकूण ३९५ किलो, स्टँडर्ड रेटने ३९,५००. म्हणजे ७,५०० चा तोटा. दळलेला माल विकून थोडं परत आलं, दोन्ही महिन्यांचे जास्तीचे १६० रिजेक्ट धरून २३४ किलोच्या आसपास, किलोला ३० रुपयांनी सात हजार. म्हणजे मटेरियलपुरता लॉट जेमतेम बरोबरीत सुटला, साधारण पाचशे रुपयांचा तोटा, आणि सेटिंग शोधण्यात आणि ते १६० क्रेट बनवण्यात मशीनचे जे तास गेले ते यात धरलेलेच नाहीत, ते दुसऱ्या व्हेरियन्समध्ये बसलेत.

परचेसवाल्यांना हा कागद दाखवला तेव्हा त्यांनी आधी तो लॉट नंबर बघितला, मग सर्टिफिकेटची फाइल काढली आणि स्पेसिफिकेशनमध्ये मेल्ट फ्लो इंडेक्सची खालची आणि वरची मर्यादा लिहून घेतली. स्टँडर्ड रेट १०० चा १०० च ठेवला, कारण आता कळलं होतं की ९६ चा दाणा आणि १०३ चा दाणा हे एकाच मालाचे दोन भाव नव्हते.